५९९ रुपयांच्या वारली चित्रामागे हातात किती उरतं? एका ऑर्डरचा पूर्ण हिशोब

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. बोलताना घेतलेले आकडे इथे नीट मांडून दिलेत, म्हणजे मोबाइलवर स्क्रोल करता करता कॅल्क्युलेटर उघडून पडताळून बघता येतील.

आजचा विषय एकाच प्रश्नाचा आहे. ऑनलाइन विकलेल्या एका ऑर्डरमधून शिपिंग, पेमेंट गेटवेची फी आणि पॅकिंग वजा केल्यावर किती उरतं? आणि जे उरतं, त्यातले जास्तीत जास्त किती रुपये पुढचं गिऱ्हाईक आणायला खर्च करता येतात? या दुसऱ्या आकड्याला म्हणायचं ब्रेक-इव्हन कॉस्ट पर ऑर्डर. साध्या मराठीत, एका ऑर्डरमागे ना नफा ना तोटा होईपर्यंतची खर्चाची मर्यादा.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, बी.टेक. केलंय. पण आजच्या गणिताला इंजिनिअरिंग लागत नाही, बेरीज-वजाबाकी येत असली की झालं. उदाहरण आपल्या डहाणू तालुक्यातलं घेतोय, रानशेतचं. कारण इथल्या मुलामुलींकडून मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो: "दादा, ऑर्डरी येतायत, पण महिनाअखेरीला खात्यात काहीच का दिसत नाही?"

उदाहरण वारली चित्राचंच का?

वारली चित्रकला आपल्या भागाची. तिला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्याच शैलीतली चित्रं इन्स्टाग्रामवर आणि स्वतःच्या छोट्या वेबसाइटवर विकणारी पोरं आपल्याकडे आहेत.

हिशोबाच्या दृष्टीने या धंद्यात एक खास गोष्ट आहे. यात सगळ्यात मोठा खर्च रंगाचा किंवा कापडाचा नसतो, हाताच्या मेहनतीचा असतो. आणि तो खर्च घरातल्याच माणसाचा असला, की तो वहीत लिहिलाच जात नाही. ऑर्डर तोट्यात गेली तर कुरिअर आपले पैसे सोडत नाही, गेटवे सोडत नाही, जाहिरातवालाही सोडत नाही. कापला जातो तो चित्र काढणाऱ्या माणसाचा मेहनताना, आणि तो कापला गेला हे कोणाला कळतही नाही. म्हणून आज एकेक पैसा मोजू.

एक सांगून ठेवतो. पुढचे दर मी उदाहरणापुरते धरलेत. तुमच्या कुरिअरचं आणि गेटवेचं दरपत्रक वेगळं असेल. आकडे बदला, रीत तीच राहील.

पहिली पायरी: वस्तूमागे किती सुटतं

समजा रानशेतच्या एका ताईंचं पेज आहे. ए-फोर आकाराचं, गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांचं, फ्रेम नसलेलं कॅनव्हासवरचं वारली चित्र. किंमत ५९९ रुपये, शिपिंग फ्री.

एका चित्राला कॅनव्हास आणि रंग मिळून ८० रुपये लागतात. चित्र काढायला चार तास जातात. तासाला ६० रुपये धरले तर मेहनताना २४० रुपये. वस्तूचा खर्च झाला ३२०.

५९९ मधून ३२० गेले, उरले २७९. एक चित्र विकलं की एवढे सुटतात. हेच कॉन्ट्रिब्युशन मार्जिन, म्हणजे बाकीच्या खर्चांना आणि मग नफ्याला हातभार लावायला मोकळी झालेली रक्कम.

इथेच बहुतेक जण थांबतात. "दादा, एका चित्रामागे पावणेतीनशे सुटतात!" सुटतात, पण ते अजून आपले झालेले नाहीत. चित्र अजून रानशेतमध्येच आहे, गिऱ्हाईक नागपूरला.

दुसरी पायरी: चित्र घराबाहेर पडण्याचा खर्च

आता तीन खर्च एकेक करून वजा करू.

पहिला पॅकिंगचा. बटर पेपर ३ रुपये, दोन बाजूंना कडक पुठ्ठे ८ रुपये, प्लास्टिकची कुरिअर बॅग ४ रुपये, टेप आणि लेबल ३ रुपये. झाले १८. त्यात अजून एक भर घाला, जी कोणी घालत नाही. कुरिअरचा माणूस पाड्यावर पार्सल उचलायला येत नसेल, तर ते डहाणूला नेऊन द्यावं लागतं. जाण्यायेण्याचे ५० रुपये धरा. एका फेरीत पाच पार्सलं नेली तर दर पार्सलामागे १० रुपये. एकच पार्सल घेऊन धावलात तर पूर्ण ५० त्या एकाच्या माथी. आपण पाच धरू. पॅकिंग आणि पोचवणी मिळून २८ रुपये.

दुसरा शिपिंगचा. अर्ध्या किलोपर्यंतच्या पार्सलाला सरासरी ७५ रुपये धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८८ रुपये ५० पैसे. ताईंनी जीएसटी नोंदणी केलेली नाही असं धरलंय, त्यामुळे हे साडेतेरा रुपये परत मिळत नाहीत. ज्यांची नोंदणी आहे त्यांना तो कर सहसा वळता करून घेता येतो, पण मग विक्रीवरचा करही भरावा लागतो. त्यांनी हिशोब करताना दोन्हीकडे कराशिवायचे आकडे घ्यायचे. नोंदणी कधी लागते हे सीएला विचारा, राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर आधीच विचारा.

आणि हे ७५ कुठून काढायचे? दरपत्रकातला सगळ्यात स्वस्त आकडा उचलू नका. मुंबई-ठाण्याचं पार्सल स्वस्त जातं, गुवाहाटीचं किंवा श्रीनगरचं महाग. मागच्या महिन्याचं कुरिअरचं एकूण बिल घ्या आणि पार्सलांच्या संख्येने भागा. तो तुमचा खरा आकडा.

तिसरा पेमेंट गेटवेचा. गेटवेचा साधारण दर २ टक्के असतो. पण त्या फीवर १८ टक्के जीएसटी धरला, तर प्रत्यक्षात २.३६ टक्के कापले जातात. ५९९ वर होतात १४ रुपये १४ पैसे. ही फी नफ्यावर नसते, गिऱ्हाइकाने भरलेल्या पूर्ण रकमेवर असते. गिऱ्हाइकाकडून शिपिंगचे वेगळे पैसे घेतले तर त्यांच्यावरही कापली जाते. आणि गिऱ्हाइकाला पैसे परत केले, तरी घेतलेली फी बहुतेक गेटवे परत देत नाहीत.

"पण दादा, यूपीआय तर फुकट असतं ना?" २०२० पासून यूपीआयवरचा एमडीआर शून्य आहे हे खरं. तरी गेटवे कंपनी आपल्या सेवेची फी वेगळी लावू शकते, ती तुमच्या प्लॅनवर ठरते. अंदाज करत बसू नका. गेटवेच्या डॅशबोर्डवर सेटलमेंट रिपोर्ट असतो. त्यात एका यूपीआय ऑर्डरची ओळ बघा, गिऱ्हाइकाने किती भरले आणि खात्यात किती आले. फरक दिसेल तीच फी.

आता बेरीज करू. २८ अधिक ८८.५० अधिक १४.१४, झाले १३० रुपये ६४ पैसे. २७९ मधून हे वजा केले की उरतात १४८ रुपये ३६ पैसे.

हाच आजचा मुख्य आकडा. मेहनताना धरून सगळे खर्च भागवल्यावर एका ऑर्डरमागे १४८ रुपये मोकळे राहतात. ही ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर, इन्फ्लुएन्सरवर किंवा कूपनवर १४८ पेक्षा कमी लागले तर काहीतरी उरेल. बरोबर १४८ लागले तर ना नफा ना तोटा. त्याच्या वर गेलात, की प्रत्येक नव्या ऑर्डरीने तोटा वाढणार. तेव्हा जास्त ऑर्डरी म्हणजे जास्त तोटा.

मोबाइलवरच्या गूगल शीटमध्ये एवढंच लिहा. B1 मध्ये किंमत, B2 मध्ये मेहनतान्यासकट वस्तूचा खर्च, B3 मध्ये पॅकिंग, B4 मध्ये करासकट शिपिंग:

```
=B1-B2-B3-B4-B1*2.36%
```

599, 320, 28 आणि 88.5 भरले की 148.36 यायला हवेत. आले तर शीट बरोबर आहे.

मेहनताना न लिहिल्याने काय होतं

आता तीच शीट घ्या आणि B2 मध्ये ३२० ऐवजी फक्त ८० लिहा. "घरचंच माणूस काढतंय, त्याचे काय पैसे लावायचे?" असा विचार करून. उत्तर येतं ३८८ रुपये.

मग वाटतं, अरे वा, जाहिरातीला ३०० गेले तरी ८८ उरतात, चालू दे जाहिरात! ते ८८ रुपये म्हणजे चार तासांच्या कामाची पूर्ण कमाई आहे. तासाला २२ रुपये. ज्या कलेला मानांकन मिळालंय, ती काढणारा हात तासाला बावीस रुपयांत राबतोय आणि शीटमध्ये मात्र "नफा" हिरव्या रंगात दिसतोय.

म्हणून माझा आग्रह एकच. आई चित्र काढत असो, बहीण काढत असो, नाहीतर तुम्ही स्वतः, मेहनताना आधी लिहायचा. त्यानंतर जे उरेल तेच उरलं म्हणायचं.

एका सेंटीमीटरची किंमत

आता मला सगळ्यात आवडतो तो भाग. कुरिअर कंपनी पार्सल नुसतं काट्यावर ठेवत नाही. पार्सलाने गाडीत किती जागा अडवली तेही बघते. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बऱ्याच कंपन्यांकडे ५००० ने भागायची. उत्तर किलोमध्ये येतं. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे.

ताईंचं पार्सल ३५ सेंटीमीटर लांब, २७ रुंद आणि २ सेंटीमीटर जाड आहे. गुणाकार १८९०, भागिले ५०००, म्हणजे ०.३७८ किलो. अर्ध्या किलोच्या आत, सगळं ठीक.

आता समजा काळजीपोटी बबल रॅपचे दोन वेढे जास्त मारले आणि जाडी ३ सेंटीमीटर झाली. गुणाकार २८३५, भागिले ५०००, म्हणजे ०.५६७ किलो. चित्र तेच, काट्यावर वजन जेमतेम तेवढंच, पण कुरिअरच्या लेखी पार्सल अर्ध्या किलोच्या पुढे गेलं आणि पुढच्या स्लॅबमध्ये बसलं. वाढीव अर्ध्या किलोला ६५ रुपये आणि त्यावर जीएसटी धरला तर ७६ रुपये ७० पैसे जादा. आपले १४८ आले ७२ वर. एका सेंटीमीटरने निम्म्याहून जास्त रक्कम खाल्ली.

हे पटकन लक्षात येत नाही, कारण पार्सल पाठवताना अर्ध्या किलोचेच पैसे कापले जातात. काही दिवसांनी कुरिअरच्या हबवर माप घेतलं जातं आणि फरक तुमच्या वॉलेटमधून गुपचूप वळता होतो. कुरिअरच्या ॲपमध्ये वजनातल्या तफावतीचा एक वेगळा भाग असतो, तो दर आठवड्याला उघडून बघा. एकाच मापाच्या पार्सलांवर सतत जादा पैसे लागत असतील, तर दोष पॅकिंगचा आहे किंवा त्यांच्या मापाचा. म्हणून पार्सल बंद केल्यावर मोजपट्टी लावून एक फोटो आणि काट्यावर ठेवून एक फोटो काढून ठेवा. तक्रार करायला ठराविकच दिवस मिळतात, आणि पुरावा नसेल तर तक्रार टिकत नाही.

दुसरा मार्ग नळीचा. कॅनव्हास गुंडाळून ३२ सेंटीमीटर लांब आणि ६ सेंटीमीटर जाड पुठ्ठ्याच्या नळीतून पाठवला, तर ३२ गुणिले ६ गुणिले ६ भागिले ५०००, साधारण ०.२३ किलो. अर्ध्या किलोच्या खूप आत. पण शेणामातीचा जाड थर दिलेलं कापड असेल तर गुंडाळताना थराला तडे जाऊ शकतात. तसं चित्र सपाटच पाठवायचं.

सूट द्यायची की जोडी विकायची

सणासुदीला सगळे दहा टक्के सूट लावतात. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. ५९९ वर सूट होते ५९ रुपये ९० पैसे. गेटवेची फी दीड रुपयाने कमी होते, बाकी एकही खर्च कमी होत नाही. कॅनव्हास तेवढाच, मेहनत तेवढीच, कुरिअर तेवढंच. १४८ चे राहतात ९० रुपये. किंमत दहा टक्क्यांनी उतरली, पण उरणारी रक्कम जवळपास चाळीस टक्क्यांनी. सूट किमतीवर दिलेली दिसते, जाते मात्र उरलेल्या पैशांतून.

त्याऐवजी एका गिऱ्हाइकाने दोन चित्रं घेतली तर बघा. दोन चित्रांमागे ५५८ सुटतात. दोन चित्रं त्याच दोन सेंटीमीटर जाडीत बसतात, म्हणून शिपिंग तेच ८८.५०. पॅकिंग थोडं वाढून ३४. गेटवे ११९८ वर २८.२७. उरतात ४०७ रुपये. चित्रं दुप्पट, पण उरलेली रक्कम पावणेतीन पट. कारण वस्तूमागचे पैसे प्रत्येक चित्रावर सुटतात, पण कुरिअरचे पैसे ऑर्डरीला एकदाच जातात.

मग ऑफर अशी ठेवा: जोडी घ्या, १०९९ ला. गिऱ्हाइकाला ९९ रुपये वाचल्याचं समाधान, आणि तुमच्याकडे उरतात ३१० रुपये. दोन गिऱ्हाइकांना एकेक चित्र विकून २९७ उरले असते. म्हणजे सूट देऊनही जास्त उरले, आणि जाहिरात एकाच गिऱ्हाइकासाठी करावी लागली.

याची उलटी बाजूही आहे. १४९ रुपयांचं छोटं वारली मॅग्नेट एकटंच पाठवलं तर काय होतं? वस्तूचा खर्च ६०, सुटले ८९. पॅकिंग १५, शिपिंग ८८.५०, गेटवे साडेतीन. ८९ मधून १०७ वजा! जाहिरातीवर एक रुपयाही न घालवता १८ रुपयांचा तोटा. मॅग्नेट वाईट नाही. ते चित्राच्या पार्सलात सरकवा, तिथे त्याचं भाडं आधीच भरलेलं आहे. एकटं विकायचं तर शिपिंग वेगळं घ्या, किंवा कमीत कमी ऑर्डरची रक्कम ठरवा.

ती रक्कम काढायची रीत सोपी आहे. ताईंना दर १०० रुपयांच्या विक्रीवर वस्तूचा खर्च जाऊन साधारण ४६.६० सुटतात. त्यातून गेटवेचे २.३६ गेले, राहिले ४४.२०. आणि ऑर्डरीमागे ठरलेला खर्च, म्हणजे पॅकिंग आणि शिपिंग, ११६.५० आहे. ११६.५० भागिले ०.४४२, साधारण २६४ रुपये. याच प्रमाणात पैसे सुटत असतील, तर २६४ च्या खालची प्रत्येक फ्री शिपिंगची ऑर्डर घरातून पैसे घालून पाठवलेली असते.

कॅश ऑन डिलिव्हरी: गणित बदलतं

आतापर्यंत आपण धरलं की गिऱ्हाइकाने आधी पैसे भरले. पण आपल्याकडे बरेच जण म्हणतात, पार्सल हातात येऊ दे, मग पैसे देतो. तिथे गेटवेची फी नाही, पण कुरिअर रोकड गोळा करण्याचे पैसे घेतं. ४० रुपये अधिक जीएसटी धरला तर ४७.२०. म्हणजे पोचलेल्या ऑर्डरीमागे १४८ ऐवजी ११५ रुपये ३० पैसे उरतात.

खरा मार बसतो परत आलेल्या पार्सलाचा. धंद्यात याला आरटीओ म्हणतात, गाडीच्या लायसन्सचं ऑफिस नव्हे. दार बंद होतं, फोन उचलला नाही, मूड बदलला, आणि पार्सल परत फिरलं. रोकडीची फी सहसा लागत नाही, पण जाण्याचे ८८.५०, येण्याचे तेवढेच, आणि पॅकिंगचे २८ बुडाले. एका परत आलेल्या पार्सलाचे २०५ रुपये, तेही चित्र धडधाकट परत आलं तर.

दहा ऑर्डरी धरा. दोन परत आल्या तर आठांचे ९२२ आले आणि दोघांचे ४१० गेले. उरले ५१२, म्हणजे पाठवलेल्या प्रत्येक ऑर्डरीमागे ५१ रुपये. तीन परत आल्या तर ऑर्डरीमागे १९. चार परत आल्या तर दहांमिळून १२८ रुपयांचा तोटा, जाहिरात न धरता. ताईंच्या आकड्यांत हा काठ ३६ टक्क्यांवर आहे. तीनपैकी एकाहून जास्त पार्सलं परत येऊ लागली, की धंदा पाण्यात.

म्हणून कॅश ऑन डिलिव्हरीची मर्यादा वेगळी लिहून ठेवायची. आधी पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी १४८, रोकडवाल्यासाठी दहात दोन परत येत असताना ५१. दोघांची सरासरी काढून एकच आकडा धरलात तर कुठे गळतंय ते दिसणारच नाही. उपायही त्यातूनच सुचतात. पाठवण्याआधी फोन करून पत्ता पक्का करा. शंभर रुपये आगाऊ घ्या, उरलेले दारात. ज्या पिनकोडवरून पार्सलं वारंवार परत येतात, तिथे रोकड बंद ठेवा.

जाहिरातीचा डॅशबोर्ड कसा वाचायचा

जाहिरातीच्या ॲपमध्ये एका खरेदीमागचा खर्च दिसतो. समजा तिथे १४० दिसले. तुम्ही म्हणाल, आपली मर्यादा १४८, आपण आत आहोत. पण जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यात तो धरलेला नसतो. १४० चे खरे झाले १६५. दर ऑर्डरीमागे १७ रुपये गेले. म्हणून १४८ ला १.१८ ने भागून १२५ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. डॅशबोर्डवर १२५ च्या वर दिसलं, की जाहिरात थांबवायची.

रोआस बघणाऱ्यांसाठी तीच गोष्ट. ५९९ ला १२५.७३ ने भागलं की ४.७६ येतात. म्हणजे डॅशबोर्डवर रोआस पावणेपाचच्या आसपास असेल तेव्हा कुठे बरोबरी होते. "तीनचा रोआस म्हणजे झकास" असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. तीन कोणाला तरी पुरत असेल, या चित्राला पुरत नाही.

ऐकणाऱ्यांचा प्रश्न: मग महिन्याला किती ऑर्डरी लागतील?

वेबसाइटचं भाडं, इंटरनेट, असा ठरलेला महिन्याचा खर्च ३००० धरा. जाहिरातीवर करासकट ऑर्डरीमागे ९० जात असतील, तर १४८ मधले ५८ उरतात. ३००० भागिले ५८.३६, म्हणजे ५२ ऑर्डरी. बावन्नाव्या ऑर्डरीनंतर खरा नफा सुरू.

पण थांबा. ५२ चित्रं गुणिले चार तास, झाले २०८ तास. एका माणसाचा पूर्ण महिना. हाताने काढलेल्या वस्तूला ही मर्यादा असतेच, ऑर्डरी दुप्पट केल्या म्हणून हात दुप्पट होत नाहीत. मेहनताना शीटमध्ये लिहिलेला असेल, तर या ५२ चित्रांमागे १२,४८० रुपये चित्रकाराला आधीच मिळालेले आहेत आणि मदतीला दुसरं माणूस घेतलं तरी गणित मोडत नाही. लिहिलेला नसेल, तर दुसरं माणूस येतं त्या दिवशीच कळतं की धंदा कधी चाललाच नव्हता.

आणि ऑर्डरी वाढवण्याआधी ऑर्डरीमागे उरणारी रक्कम वाढवून बघा. जाहिरात तीच ठेवून सगळ्या ऑर्डरी जोडीच्या झाल्या, तर ३१० मधून ९० जाऊन २२० उरतात आणि १४ ऑर्डरींत महिन्याचा खर्च निघतो. म्हणजे २८ चित्रं, ११२ तास.

आजच्यापुरतं एवढंच करा. तुमच्या शेवटच्या दहा ऑर्डरी उघडा, प्रत्येकीसमोर पॅकिंग, कुरिअरने शेवटी कापलेले पैसे आणि गेटवेने कापलेले पैसे लिहा, आणि किती उरलं ते काढा. दहापैकी कोणत्या ऑर्डरी मायनसमध्ये आहेत ते बघा. त्या कोणत्या वस्तूच्या, कोणत्या गावच्या, रोकडीच्या की आधी भरलेल्या, हे एकदा दिसलं की पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

पुढच्या भागात परत आलेल्या मालाबद्दल सविस्तर बोलू. प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, मराठीत पाठवा. चला, भेटूया!